कोयरी छापायची, पण जोड दिसता कामा नये: रॅपिंग पेपरची 'टाइल' अशी बनते

मार्च उजाडला की रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरायला लागतात. मेच्या शेवटी पाऊस जवळ आला की हंगाम आटोपतो. अलीकडे बरेच बागायतदार डझनाचा खोका भेट म्हणून द्यायला वेगळ्या कागदात गुंडाळून देतात. त्या कागदावर आपलीच नक्षी असावी असं वाटलं, तर घरातलं कुणीतरी एक छान कोयरी काढतं, मोबाइलवर तिचा फोटो घेतं आणि छापखान्यात पाठवतं. तिथे ते चित्र शेजारी शेजारी लावून मोठा कागद भरला जातो. कागद छापून आल्यावर मात्र त्यावर खिडकीच्या गजांसारख्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. कोयऱ्या सुंदर असतात, पण आधी नजरेत भरतात त्या रेघाच. तोवर एप्रिल अर्धा संपलेला असतो आणि कागद पुन्हा छापून घ्यायला वेळ उरलेला नसतो.

या रेघा छपाईच्या चुकीमुळे येत नाहीत. जो चौकोन पुन्हा पुन्हा छापला गेला, त्याच्या कडाच एकमेकींशी जुळत नसतात. अशा चौकोनाला डिझाइनच्या भाषेत 'टाइल' किंवा 'रिपीट' म्हणतात. फरशी शेजारी फरशी बसवावी तशी ती चारही बाजूंनी बसवत गेलं आणि कुठे एक संपते, कुठे दुसरी सुरू होते हे कळलं नाही, की ती टाइल 'सीमलेस', म्हणजे बिनजोड झाली. जोड तेव्हाही असतोच, फक्त तो दिसत नाही.

कडा जुळतात म्हणजे नेमकं काय?

टाइलच्या उजव्या कडेवर एक पान अर्धं कापलं गेलं आहे असं समजा. कागदावर या टाइलच्या उजवीकडे तीच टाइल पुन्हा येणार. म्हणजे उजव्या कडेला चिकटणार ती तिचीच डावी कड. पान पूर्ण दिसायला हवं असेल, तर उरलेलं अर्धं पान डाव्या कडेवर, बरोबर त्याच उंचीवर असायला हवं. वरच्या आणि खालच्या कडेलाही हाच नियम लागू होतो. खालून बाहेर गेलेलं देठ वरून आत यायला हवं.

हे अंदाजाने, मोजपट्टी लावून करायला गेलं की हमखास चुकतं. एका मिलिमीटरचा फरकही डोळ्याला टोचतो. म्हणून जुन्या काळापासून एक साधी युक्ती वापरली जाते. कडेवर चित्र काढायचंच नाही. त्याऐवजी कडच उचलून मध्ये आणायची आणि मग तिच्यावर चित्र काढायचं.

कागद आणि कात्रीने ही युक्ती पाच मिनिटांत समजते. चौकोनी कागदाच्या मधोमध एक कोयरी काढा, पण कडांना हात लावू नका. कागद उभा, बरोबर मध्यावर कापा. डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. आता तो आडवा कापा आणि वरचा तुकडा खाली, खालचा वर करा. कोयरीचे चार तुकडे चार कोपऱ्यांत गेले आणि मध्ये मोकळी जागा आली. त्या जागेत दुसरी कोयरी काढा. या कागदाच्या झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या, की कोपऱ्यांतले चार तुकडे जुळून पहिली कोयरी पुन्हा पूर्ण दिसते.

याचं कारण सोपं आहे. नव्या कागदाच्या डाव्या आणि उजव्या कडा म्हणजे कात्रीने नुकत्याच वेगळ्या केलेल्या एकाच रेषेच्या दोन बाजू. त्या आधी एकमेकींना चिकटलेल्याच होत्या, त्यामुळे पुन्हा जुळणारच. आणि ज्या जुन्या कडा जुळायची खात्री नव्हती, त्या आता कागदाच्या मधोमध अधिक चिन्हासारख्या उघड्या पडल्या आहेत. त्यांच्यावर चित्र काढलं की त्या झाकल्या जातात.

आधी माप, मग चित्र

संगणकावर हेच काम करताना कात्री लागत नाही. आधी टाइल केवढी हवी ते मात्र ठरवावं लागतं, आणि ते माप खोका बघून ठरवायचं.

समजा खोका ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि ९ उंच आहे. त्याच्या बाजूची पट्टी फक्त ९ सेंटिमीटरची. कोयरी १२ सेंटिमीटरची काढली, तर कुठल्याच बाजूवर ती पूर्ण दिसणार नाही, प्रत्येक घडीवर तुटेल. चार सेंटिमीटरची काढली तर बाजूवर एकाखाली एक दोन बसतात. अशा पाच-सहा कोयऱ्या, मधे पानं आणि मोहोराचे तुरे असं सगळं मावायला १६ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो.

१६ हा आकडा आणखी एका कारणाने सोयीचा आहे. पुढे हीच नक्षी कापडावर छापायची झाली, तर कापडाचा पन्हा बहुधा ४४ इंच, म्हणजे जवळपास ११२ सेंटिमीटर असतो. त्यात १६ सेंटिमीटरची टाइल सात वेळा बसते. गिरण्यांमध्ये गोल जाळीच्या रोलरने छपाई होते, त्या रोलरचा घेर सामान्यतः ६४ सेंटिमीटर असतो. रोलरचा एक फेरा पूर्ण झाला की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून टाइलच्या उंचीने ६४ ला पूर्ण भाग जावा लागतो. १६ ने चार वेळा जातो. १५ ने जात नाही, आणि मग गिरणीवाला नक्षी ओढूनताणून बसवतो.

आता पिक्सेल. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने १६ सेंटिमीटरचे १८८९.७६ पिक्सेल होतात. पिक्सेलचा तुकडा पडत नाही, म्हणून सरळ १८९० घ्यायचे. फरक केसाएवढाही नाही. आकडा पूर्ण हवा आणि सम हवा, कारण त्याचा अर्धा भाग पुढे सतत लागणार आहे. इथे तो ९४५. १८८९ घेतले असते तर अर्धे करताना अर्धा पिक्सेल उरला असता.

चार जागा, तीन सरकवण्या

GIMP हा मोफत प्रोग्रॅम घेऊन हे कसं होतं ते पाहू. १८९० बाय १८९० पिक्सेलची नवी फाइल उघडायची. पार्श्वभूमीचा रंग एका लेयरवर ठेवायचा, चित्र दुसऱ्या पारदर्शक लेयरवर काढायचं. मध्यभागी एक मोठी कोयरी आणि तिच्याभोवती दोन पानं काढायची. कडांपासून लांब राहायचं.

मग चित्राचा लेयर निवडून Layer > Transform > Offset उघडायचं. X मध्ये ९४५, Y मध्ये ९४५ भरायचे आणि Wrap around हा पर्याय निवडायचा. उजवीकडून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून येतो. कात्रीने दोनदा कापून केलेलं काम एका क्लिकमध्ये झालं. मधल्या मोकळ्या जागेत आता दुसरी कोयरी, जमल्यास उलट्या दिशेला तोंड केलेली.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि नेमकी इथेच चूक होते. कोयऱ्या आता कोपऱ्यांत आहेत आणि मध्यावर आहे, पण चारही कडांच्या मध्यबिंदूंजवळ जागा रिकामीच राहिली आहे. तिथे काही काढायला गेलं तर कडेला हात लागतो आणि जोड तुटतो. ती जागा तशीच सोडली, तर मोठ्या कागदावर ठरावीक अंतराने टक्कल पडल्यासारखी भोकं दिसतात.

त्यावर उपाय तोच, पण पाऊल निम्मं. या वेळी X मध्ये ० आणि Y मध्ये ९४५ टाकून सरकवायचं. वरच्या-खालच्या कडेवरची रिकामी जागा मध्यावर येते. तिथे मोहोराचा तुरा किंवा छोटी कोयरी काढायची. मग पुन्हा X ९४५, Y ९४५. आता डाव्या-उजव्या कडेवरची रिकामी जागा मध्यावर येते, तीही भरायची. झालं. टाइलमधल्या चारही जागा, म्हणजे मध्य, कोपरा आणि दोन प्रकारच्या कडा, एकदा एकदा मध्यावर येऊन गेल्या. प्रत्येक वेळी हात मध्यावरच चालला, कडेला एकदाही नाही.

एक खाच मात्र सांभाळावी लागते. Offset फक्त निवडलेला लेयर सरकवतो, आणि तोही लेयरच्या मापाने. कोयरी बाहेरून आणून चिकटवली असेल, तर तिचा लेयर कोयरीएवढाच लहान असतो. मग गुंडाळी टाइलच्या कडेला होण्याऐवजी कोयरीच्याच कडेला होते आणि कोयरीचे विचित्र तुकडे पडतात. म्हणून आधी Layer > Layer to Image Size करून घ्यायचं. चित्राचे लेयर अनेक असतील तर ते आधी एकत्र करावेत. नाहीतर एक सरकतो, दुसरा जागेवरच राहतो आणि पान देठापासून सुटतं.

टॅबलेटवर पेनने काढणाऱ्यांसाठी Krita मध्ये याहून सुखाची सोय आहे. W दाबलं की एकच टाइल पडद्यावर सगळीकडे पसरलेली दिसते आणि कडेवरून ओढलेली रेघ आपोआप दुसऱ्या बाजूने आत येते. तिथे सरकवण्याची गरज नाही. तरी Offset एकदा हाताने करून पाहावं. पुढे काही बिघडलं तर का बिघडलं ते त्याशिवाय कळत नाही.

हातच्या चित्राची मेख

कागदावर रंगवलेली कोयरी थेट फोटोवरून घेतली की एक वेगळीच भानगड होते. मोबाइलच्या फोटोत कागद सगळीकडे सारखा पांढरा नसतो. खिडकीच्या बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला किंचित राखाडी. नुसत्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. पण टाइल लागली की राखाडी कड उजळ कडेला टेकते आणि नेमकी तिथे पायरी दिसते. कोयऱ्या अगदी बरोबर जुळल्या तरी पट्टे येतात ते यामुळे. खात्री करायची असेल तर काही न काढता फोटो नुसता ९४५ ने सरकवून पाहा. मधोमध अधिक चिन्ह उमटलं, तर दोष उजेडाचा आहे.

पट्ट्यावर ब्रश फिरवून तो झाकण्याचा खटाटोप करू नये. कागदाची पार्श्वभूमी पूर्ण काढून टाकावी, फक्त कोयरी ठेवावी आणि मागे एकसारखा सपाट रंग भरावा.

जोड नाही, तरी रांगा दिसतात

आता नऊ टाइल, तीन आडव्या आणि तीन उभ्या, एकत्र लावून पाहायच्या. GIMP मध्ये Filters > Map > Tile मध्ये ५६७० बाय ५६७० टाकलं की असा कागद तयार होतो. तो पडद्यावर लहान करून चार पावलं मागे जाऊन पाहायचा. डोळे किंचित मिटले तर आणखी बरं. जवळून जे कधी दिसत नाही ते आता दिसतं. कुठे कोयऱ्यांमधून सरळ मोकळी वाट गेलेली असते, कुठे एकच गडद पान दर सोळा सेंटिमीटरला डोकावत असतं.

मोकळी वाट दिसली तर एखादी कोयरी थोडी तिरकी करून किंवा वाटेत एक पान टाकून ती मोडायची. गडद पान खटकलं तर त्याला बाकीच्यांच्या रंगात आणायचं. टाइलमधला एकच ठसठशीत घटक कागदावर नेहमी सैनिकांसारखा रांगेत उभा राहतो. सगळे घटक साधारण सारख्या वजनाचे असले तर रांग जाणवत नाही. त्यामुळे टाइल म्हणून एकटी बघताना जी नक्षी थोडी अळणी वाटते, तीच कागदभर पसरली की बरेचदा जास्त शोभते.

रांगा मोडायची जुनी रीत म्हणजे 'हाफ-ड्रॉप'. शेजारच्या उभ्या रांगेतली नक्षी अर्ध्या उंचीने खाली सरकवायची. साड्यांवरच्या बुट्ट्या बहुतेक अशाच, एकाआड एक बसवलेल्या असतात. तयार टाइल नंतर अशी अर्ध्याने खाली सरकवली तर जोड तुटतो, कारण तिच्या कडा समोरासमोर जुळवलेल्या असतात. म्हणून हे सुरुवातीलाच ठरवायचं. मध्यावरची कोयरी आणि एका कडेवरचा तुरा एवढंच काढायचं, त्या लेयरची प्रत करायची आणि प्रत ९४५, ९४५ ने सरकवायची. कोपरा आणि दुसरी कड आपोआप भरतात, तेही अर्ध्या उंचीच्या फरकाने. टाइल मात्र साधी चौकोनीच राहते, त्यामुळे छापखान्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. श्रम निम्मे होतात, पण विविधताही निम्मी होते, कारण एकच कोयरी टाइलमध्ये दोनदा येते.

हत्ती उलटा पडतो

रत्नागिरीची नक्षी म्हटली की हल्ली कातळशिल्पांचीही आठवण होते. २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती तर फोटोंमधून सगळीकडे फिरतो. सदऱ्याच्या कापडावर तो छान दिसेल. रॅपिंग पेपरवर मात्र त्याची पंचाईत होते. कागद खोक्याभोवती गुंडाळला की समोरच्या बाजूला हत्ती पायांवर उभा, मागच्या बाजूला डोक्यावर आणि झाकणावर आडवा. खोक्याला एकच 'वर' नसतं, म्हणून कागदाच्या नक्षीलाही नसावं.

कोयरीचा फायदा इथे कळतो. ती कशीही वळवली तरी उलटी वाटत नाही. टाइलमधल्या कोयऱ्यांची टोकं वेगवेगळ्या दिशांना ठेवली की खोका कुठूनही पाहिला तरी नक्षी सुलटच दिसते. अक्षरांचं दुखणं हत्तीसारखंच. शिवाय घडीवर ती अर्धी तुटतात. बागेचं नाव कागदात न घेता वरून चिकटवायच्या लेबलवर घेतलेलं बरं.

छापखान्यात देताना

सगळ्यात जास्त टाइल शेवटच्या दहा मिनिटांत बिघडतात. नक्षी जरा मोठी वाटते म्हणून कुणीतरी तयार टाइलच लहान करतं. लहान करताना प्रोग्रॅम शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळतो, पण कडेच्या पिक्सेलला एका बाजूला शेजारच नसतो. मग कडेवर किंचित फिकट किंवा अर्धपारदर्शक रेघ राहते आणि कागदभर केसासारखी जाळी उमटते. माप बदलायचंच असेल तर आधी नऊ टाइलचा मोठा कागद करावा, तो लहान करावा आणि त्यातली मधली टाइल पूर्ण पिक्सेलवर कापून घ्यावी. उदाहरणार्थ, ५६७० चा कागद ४५०० केला की मधली टाइल बरोबर १५०० पिक्सेलची निघते, आणि तिच्या कडांना चारही बाजूंचे शेजारी मिळालेले असतात.

फाइल PNG मध्ये ठेवावी. JPEG चित्र दाबून लहान करताना कडेजवळचे रंग थोडे हलवतो, आणि सपाट पार्श्वभूमीवर तेवढंही दिसतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर ती JPEG होते आणि लहानही होते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

शक्य असेल तर छापखान्याला टाइल देऊच नये, पूर्ण भरलेला कागद द्यावा. या खोक्याला गुंडाळायला साधारण ६० बाय ४३ सेंटिमीटर कागद लागतो, म्हणजे ५० बाय ७० चा कागद पुरतो. कापताना कड सरकली तर पांढरी रेघ दिसू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर नक्षी जास्त ठेवतात. ५०.६ बाय ७०.६ सेंटिमीटरचे ५९७६ बाय ८३३९ पिक्सेल होतात. Filters > Map > Tile मध्ये हेच आकडे टाकायचे. टाइल कडेला अर्धवट कापली गेली तरी बिघडत नाही, कारण कागदाच्या कडेला पुढे काही जुळवायचं नसतं.

पीडीएफमध्ये टाइल वेगवेगळ्या बसवल्या असतील, तर पडद्यावर कधीकधी जोडांवर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. त्या खऱ्या की खोट्या हे ओळखायला पान मोठं करून पाहायचं. पान मोठं होतं तशी रेघही जाड होत गेली तर ती चित्रातच आहे. पान कितीही मोठं केलं तरी रेघ तेवढीच बारीक राहिली, किंवा मधेच नाहीशी झाली, तर ती पडद्याची करामत आहे. पूर्ण कागद एकाच चित्रात दिला तर हा प्रश्नच येत नाही.

ऑफसेटवर प्लेट बनवायच्या आधी डिजिटल मशीनवर १२ बाय १८ इंचाचा एक नमुना काढून घ्यावा. १६ सेंटिमीटरची टाइल त्यात आडवी दोनदा पूर्ण बसत नाही, पण उभा आणि आडवा असे दोन्ही जोड त्यात येतात, आणि तपासायचे ते जोडच. पडद्यावर पेटलेला केशरी कागदावर जरा मंद उतरतो, तेही याच वेळी दिसतं. नमुना टेबलावर सपाट ठेवून पाहणं पुरेसं नाही. तो खोक्याच्या कोपऱ्यावर बसवायचा, घडी घालायची आणि दिवसाच्या उजेडात खोका हातात फिरवून बघायचा.